घरातलं जुनं पुस्तक ‘पहिली आवृत्ती’ आहे का, आणि त्याचं कव्हर टाकून का देऊ नये?

दर काही महिन्यांनी एक पोस्ट फिरत येते. घरात हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक असेल तर तुम्ही करोडपती आहात, अशी. खाली कमेंटमध्ये लोक आपापल्या पुस्तकांचे फोटो टाकतात आणि विचारतात, “माझ्याकडे आहे, आत १९९७ लिहिलंय, किती येतील?” खरं उत्तर बहुतेक वेळा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळतं. तो म्हणतो, शंभर रुपये.

पोस्ट खोटी नसते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज या लिलाव कंपनीकडे हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची एक प्रत ४ लाख ७१ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने साडेतीन कोटी रुपयांच्या आसपास. पण ती प्रत आणि तुमच्या कपाटातली प्रत यांच्यात काय फरक आहे, हे पोस्ट सांगत नाही. तो फरक कसा ओळखायचा आणि पुस्तकाभोवतीच्या एका साध्या कागदामुळे किंमत इतकी कशी बदलते, ते बघू.

साल बघून काहीच का कळत नाही?

आत छापलेलं १९९७ हे कॉपीराइटचं साल आहे. पुस्तक पहिल्यांदा कधी प्रकाशित झालं, एवढंच ते सांगतं. तेच पुस्तक २००५ मध्ये पुन्हा छापलं तरी ते साल तिथेच राहतं.

आपला गोंधळ थोडा शब्दामुळेही होतो. मराठीत ‘आवृत्ती’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. मजकूर नव्याने जुळवून काढलेलं पुस्तक म्हणजे आवृत्ती, आणि तोच मजकूर पुन्हा मशीनवर चढवून काढलेल्या प्रतींनाही आपण दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती म्हणतो. संग्राहकाला मात्र पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई हवी असते. तो ‘फर्स्ट एडिशन’ म्हणतो तेव्हा मशीन पहिल्यांदा सुरू झाल्यावर निघालेल्या प्रतीच त्याच्या डोक्यात असतात. दुसऱ्या छपाईतली प्रत शब्दशः बघितली तर पहिल्या आवृत्तीचीच असू शकते, पण तिला तो भाव मिळत नाही.

अलीकडच्या इंग्रजी पुस्तकांत छपाई ओळखणं सोपं आहे. शीर्षकाच्या पानामागे, कॉपीराइटच्या मजकुराखाली आकड्यांची एक ओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. तिथला सर्वात लहान आकडा म्हणजे छपाईचा क्रमांक. दुसऱ्या छपाईच्या वेळी १ काढून टाकतात, तिसऱ्याला २. हॅरी पॉटरच्या खऱ्या पहिल्या छपाईत ही ओळ १ पर्यंत येते, कॉपीराइटमध्ये लेखिकेचं नाव ‘जे. के.’ ऐवजी ‘जोआन रोलिंग’ असं पूर्ण असतं आणि पान ५३ वरच्या शाळेच्या सामानाच्या यादीत ‘१ जादूची छडी’ चुकून दोनदा येते. पुठ्ठा बांधणीच्या अशा प्रती फक्त ५०० निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांत जाऊन झिजल्या. कोटींची किंमत येते ती या ५०० मधल्या उत्तम प्रतींना.

आकड्यांच्या ओळीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रँडम हाउस हे मोठं अमेरिकन प्रकाशन बरीच वर्षं पहिल्या छपाईत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द छापायचं आणि खालची ओळ २ वर संपवायचं. पुढच्या छपाईत ते दोन शब्द काढले जायचे. नियम प्रकाशकाप्रमाणे बदलतो, त्यामुळे आधी प्रकाशक बघायचा आणि मग आकडे.

त्याहून जुन्या पुस्तकांत ही ओळच नसते. तिथे काय करायचं, ते समजण्यासाठी ‘द ग्रेट गॅट्सबी’पेक्षा चांगलं उदाहरण नाही.

गॅट्सबी: एका शब्दावर ठरणारी छपाई

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्स प्रकाशनाने १० एप्रिल १९२५ रोजी काढली. पहिल्या छपाईत २०,८७० प्रती निघाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी ३,००० प्रतींची दुसरी छपाई झाली. पुस्तक अपेक्षेइतकं खपलं नाही. १९४० च्या डिसेंबरात लेखक वारला तेव्हाही दुसऱ्या छपाईतल्या काही प्रती गोदामात पडून होत्या.

आता अडचण बघा. दोन्ही छपायांवर १९२५ हेच साल आहे. दोन्हींना गडद हिरव्या कापडाची बांधणी आणि कण्यावर सोनेरी अक्षरं आहेत. ‘दुसरी छपाई’ असं कुठेही लिहिलेलं नाही. स्क्रिबनर्सने पहिल्या छपाईला ‘ए’ हे अक्षर द्यायला सुरुवात केली ती १९३० च्या सुमारास, म्हणजे या पुस्तकानंतर.

मग फरक कळतो तो मजकुरातून. पहिली छपाई बाजारात गेल्यावर काही चुका लक्षात आल्या आणि दुसऱ्या छपाईआधी त्या सुधारल्या गेल्या. पान ६० वर सोळाव्या ओळीत पहिल्या छपाईत ‘चॅटर’ हा शब्द आहे, दुसऱ्या छपाईत त्या जागी ‘एकोलेलिया’ आला. पान ११९ वर बाविसाव्या ओळीत ‘नॉर्दर्न’ होतं, त्याचं ‘सदर्न’ झालं. पान २०५ वर ‘सिक इन टायर्ड’ असे तीन सुटे शब्द होते, ते जोडून एक केले. पान २११ वर ‘युनियन स्ट्रीट स्टेशन’चं ‘युनियन स्टेशन’ झालं.

अशा खुणांना संग्राहक ‘पॉइंट्स’ म्हणतात. चूक असलेली प्रत महाग आणि सुधारलेली प्रत स्वस्त, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण चुकीमुळे मोल वाढत नाही. ती प्रत आधी छापली गेली, याचा पुरावा म्हणून चुकीला महत्त्व आहे. त्यामुळे प्रत्येक मुद्रणदोष मौल्यवान समजू नका. चूक पुढच्या छपाईत दुरुस्त झाली असेल, तरच ती छपाई ओळखायला उपयोगी पडते. सगळ्या छपायांत तशीच राहिलेली चूक काहीच सिद्ध करत नाही.

या खुणा घरी बसून शोधायच्या नसतात. एखाद्या लेखकाच्या सगळ्या पुस्तकांच्या सगळ्या छपाया शेजारी ठेवून तपासणारे अभ्यासक असतात आणि त्यांच्या ग्रंथसूच्या छापलेल्या असतात. फिट्झजेराल्डच्या बाबतीत हे काम मॅथ्यू ब्रुकोली यांनी केलं. विक्रेत्याने वर्णनात पान आणि ओळ दिली असेल, तर ती अशाच सूचीतून आलेली असते.

कागदाचं एक वेष्टन आणि कोटींचा फरक

पहिली छपाई सिद्ध झाली असं समजा. चारही ठिकाणी पहिले शब्द आहेत, पानं पूर्ण आहेत, कापड बरं आहे. या प्रतीला काही हजार डॉलर मिळतात. आपल्याकडच्या हिशेबाने ही रक्कम मोठीच आहे. पण हीच छपाई मूळ डस्ट जॅकेटसकट असलेली एक प्रत २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात ३ लाख ७७ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने सव्वादोन कोटी रुपयांच्या आसपास. पुस्तकाची मूळ किंमत होती दोन डॉलर.

डस्ट जॅकेट म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीवर घातलेलं, दोन्ही बाजूंना आत दुमडलेलं छापील कागदी वेष्टन. आपण त्याला सरळ ‘कव्हर’ म्हणतो. खाली कापडी पुठ्ठा आणि वर हे सुटं कव्हर.

किंमत का वाढते, ते आकडे बघितले की कळतं. पुस्तकाच्या वीस हजारांवर प्रती निघाल्या होत्या, म्हणजे पुस्तक तितकं दुर्मिळ नाही. जॅकेट दुर्मिळ आहे. त्या काळी जॅकेटचं काम दुकानात पुस्तकाला धूळ लागू न देणं आणि गिऱ्हाइकाचं लक्ष वेधणं एवढंच होतं. घरी आणल्यावर लोक ते काढून टाकायचे. मिठाईचा खोका आपण किती दिवस जपतो? वाचनालयंही जॅकेट काढून मगच पुस्तक कपाटात लावायची. त्यात गॅट्सबीचं जॅकेट पुस्तकापेक्षा किंचित उंच होतं. वरची कड बाहेर डोकावायची आणि आत-बाहेर करताना फाटायची. त्यामुळे टिकलेल्या जॅकेटांतही वरची कड शाबूत असलेली थोडीच आहेत.

चित्राचाही वाटा आहे. गर्द निळ्या आकाशात तरंगणारे दोन डोळे आणि ओठ, खाली जत्रेसारखे दिवे. फ्रान्सिस कुगॅट या चित्रकाराचं हे काम इंग्रजी पुस्तकांच्या सर्वात ओळखीच्या मुखपृष्ठांपैकी आहे. सगळ्यांना मात्र ते आवडलं नव्हतं. हेमिंग्वेला ते इतकं भडक वाटलं, की वाचण्यासाठी त्याने जॅकेट काढून ठेवलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

जॅकेटलाही स्वतःच्या खुणा असतात. गॅट्सबीच्या मलपृष्ठावरच्या मजकुरात चौदाव्या ओळीत ‘जे गॅट्सबी’ या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर चुकून लहान लिपीत छापलं गेलं. वाटपाआधी हे लक्षात आलं आणि बहुतेक प्रतींवर शाईने ते अक्षर हाताने मोठं करण्यात आलं. नंतरच्या जॅकेटांवर ते मुळातच मोठं छापलेलं आहे. म्हणजे पुस्तक पहिल्या छपाईचं आणि जॅकेट नंतरचं, अशी जोडीही होऊ शकते. कोणीतरी फाटक्या पुस्तकाचं जॅकेट काढून चांगल्या पुस्तकावर चढवतो. व्यवहारात याला ‘मॅरेज’ म्हणतात, आणि हे लग्न लपवून विकलं तर ती फसवणूकच. ओळखायचं कसं? पुस्तकाच्या कण्यावर ऊन लागून रंग उडालाय, पण जॅकेटचा कणा ताजा आहे, किंवा जॅकेटवरचा ओलाव्याचा डाग खालच्या कापडावर नाही, तर ते दोघं आयुष्यभर एकत्र नव्हते.

दुसरा धोका नकलेचा. जुन्या जॅकेटचं स्कॅन काढून छापलेली जॅकेटं उघडपणे विकत मिळतात. प्रामाणिक विक्रेता आतल्या दुमडीवर ‘नक्कल’ असं छापतो. ती ओळ कापली की फसवायला मोकळं. साधं भिंग घेऊन बघा: स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत मूळच्या बारीक अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी बनलेल्या दिसतात, आणि मूळ जॅकेटच्या घड्या आणि ओरखडे चित्रासकट छापले गेलेले असतात. बोट फिरवलं तर घडी लागतच नाही. गॅट्सबीच्या तर अख्ख्या पुस्तकाची, ‘चॅटर’सकट सगळ्या चुकांसह, हुबेहूब प्रतिकृती अमेरिकेत अधिकृतपणे निघाली आहे. मजकुराच्या खुणा जुळल्या म्हणून लगेच उडी मारू नये, त्याचं हे कारण. कागद पांढराशुभ्र, वास नवीन आणि कव्हर कोरं असेल, तर आधी प्रतिकृतीचा संशय घ्या.

‘गुड’ म्हणजे चांगलं नाही

ऑनलाइन विक्रीत पुस्तकाची अवस्था ठरलेल्या शब्दांत लिहितात. सर्वात वर फाइन, मग निअर फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि शेवटी पुअर. यातला ‘गुड’ नवख्याला फसवतो. शब्दाचा अर्थ चांगलं असला, तरी या व्यवहारात ‘गुड’ म्हणजे पानं सगळी आहेत, पण पुस्तक स्पष्टपणे वापरलेलं आणि थकलेलं आहे. बऱ्यापैकी देखणी जुनी प्रत हवी असेल तर निदान ‘व्हेरी गुड’ लागतं. वर्णनात VG/G असं दिसलं तर पहिली श्रेणी पुस्तकाची आणि दुसरी जॅकेटची. तिरक्या रेघेनंतर काहीच नसेल किंवा फक्त आडवी रेघ असेल, तर बहुधा जॅकेट नाही. विकत घेण्याआधी विचारून घ्या.

किंमत सर्वात जास्त कशाने पडते? पान किंवा चित्र गहाळ असेल तर जवळजवळ संपलंच. त्याखालोखाल वाचनालयाची प्रत: शिक्के, चिकटवलेलं कार्ड, कण्यावर पांढऱ्या रंगात नंबर. नव्याने बांधलेलं पुस्तक कितीही मजबूत असलं तरी संग्राहकाच्या दृष्टीने मूळ बांधणी गेली. आधीच्या मालकाचं पहिल्या पानावरचं छोटं नाव फारसं नडत नाही. लेखकाने स्वतः कुणाला सही करून भेट दिली असेल तर उलट भाव वाढतो. जॅकेटच्या आतल्या दुमडीचा किंमत छापलेला कोपरा कापलेला असतो, भेट देताना कापतात तसा. त्यानेही किंमत घटते, कारण तिथली छापील किंमत हीसुद्धा छपाई ओळखायची एक खूण असते. कुठेच किंमत छापलेली नसेल तर आणखी एक शंका घ्यायची: प्रत बुक क्लबची असू शकते. अमेरिकन बुक क्लब सभासदांना स्वस्त प्रती पाठवत. त्या दिसायला मूळ पुस्तकासारख्या असतात, पण बऱ्याचदा मागच्या पुठ्ठ्यावर तळाशी एक छोटा दाबलेला ठिपका सापडतो.

कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात खरा शत्रू दमट हवा आहे. पानांवर तांबूस ठिपके येतात, कागद लाटांसारखा होतो. कसर लागली तर ती जॅकेटचा गुळगुळीत थर आणि बांधणीतली खळ खाते. वाळवी तर पानांतून बोगदे काढते. ठिपके थोडे असतील तर किंमत थोडी कमी होते, वाळवीचं भोक मजकुरातून गेलं तर बरीच.

त्याहून जास्त नुकसान आपण प्रेमाने करतो. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना ब्राउन पेपर घालण्याची सवय असल्यामुळे मूळ जॅकेट ‘फाटकं होतं’ म्हणून टाकून देतो, किंवा फाटल्या जागी सेलोटेप लावतो. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि टेप ओढली तर छपाईसकट निघते. लॅमिनेशन तर परत फिरवताच येत नाही. फाटकं जॅकेट आहे तसं ठेवायचं, सुटलेले तुकडेसुद्धा पाकिटात ठेवायचे. वरून चढवायचंच असेल तर डिंक न लावता दुमडून बसणारी स्वच्छ पॉलिएस्टर फिल्मची जॅकेटं मिळतात, ती घाला.

मराठी पुस्तकांचं काय?

मराठीत आकड्यांची ओळ सहसा नसते, पण दुसरी सोय आहे. बहुतेक प्रकाशक नव्या छपाईत जुन्या छपायांची साखळीही देतात: पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी तमुक साली, पुनर्मुद्रण त्यानंतर. वरच्या ओळीतलं ‘पहिली आवृत्ती’ वाचून लोक खूश होतात आणि खालच्या दोन ओळी वाचतच नाहीत. शेवटची ओळ तुमच्या प्रतीची. जुन्या पुस्तकांत साल शके असू शकतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. शके १८६० म्हणजे १९३८-३९.

मुद्रकाचं नावही वाचा. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक केलं. दोन प्रतींवर साल एकच आहे पण छापखाना वेगळा, तर त्या एका छपाईच्या नाहीत. वेष्टनाचं दुखणं मराठीत आणखी मोठं आहे. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठं केली, पण वाचनालयांनी पुस्तकं जाड पुठ्ठ्यात बांधून घेताना ती बऱ्याचदा काढूनच टाकली. आज मूळ वेष्टनासह जुनी मराठी कादंबरी मिळाली, तर आतल्या मजकुराइतकंच ते वेष्टन जपण्यासारखं आहे.

आता भाव कसा काढायचा?

बहुतेक जण पुस्तकाचं नाव सर्च करतात, एका साइटवर दीड लाखाचा आकडा बघतात आणि त्यावर अडून बसतात. तो आकडा विक्रेत्याने मागितलेला आहे. तेच पुस्तक त्याच्याकडे सहा वर्षं पडून असेल. बघायची ती प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींची किंमत. मोठ्या लिलाव कंपन्यांच्या साइटवर जुने निकाल दिसतात, ईबेवर ‘सोल्ड’ हा फिल्टर लावता येतो. तुलना मात्र जोडीला जोड लावून करायची: तीच छपाई, जॅकेट असेल तर जॅकेटवाली, श्रेणीही तीच. जॅकेट नसलेल्या गॅट्सबीच्या मालकाने सदबीजचा आकडा बघणं म्हणजे बंद पडलेल्या स्कूटरच्या मालकाने शोरूमचा भाव सांगणं.

एखाद्या जाणकार विक्रेत्याला विचारायचं असेल तर मुखपृष्ठाचा एकच फोटो पाठवून उपयोग नाही. शीर्षकाचं पान, त्यामागचं कॉपीराइटचं पान, कणा, जॅकेटच्या दोन्ही आतल्या दुमडी आणि सर्वात खराब झालेली जागा, असे सहा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. पान पुसू नका, पेन्सिलने लिहिलेलं खोडू नका. आणि उत्तर येईपर्यंत ते पुस्तक ब्राउन पेपरमध्ये गुंडाळू नका.